अपकृत्य कायद्याची सूत्रं : कार्डावर काय लिहायचं

दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिला : एका गल्लीत वीस वर्षं शिकवणीचा वर्ग चालू आहे. समोरच दुसऱ्याने वर्ग उघडला, फी निम्मी ठेवली आणि पहिल्याचे निम्मे विद्यार्थी तिकडे गेले. पहिल्याला भरपाई मिळेल का? दुसरा : शेजारी रोज तुमच्या शेताच्या बांधावरून, तुम्ही नको म्हटलेलं असतानाही, आत येऊन पलीकडे जातो. पिकाचं एक पानही मोडत नाही. तुम्हाला दावा लावता येईल का?

कायदा न शिकलेल्या माणसाला विचारलं तर तो पहिल्याला 'हो' म्हणेल आणि दुसऱ्याला 'नाही'. पहिल्याचं खरंच नुकसान झालं आहे, दुसऱ्याचं काहीच गेलेलं नाही. कायद्याचं उत्तर नेमकं उलटं आहे. पहिल्या वर्षाच्या अपकृत्य कायद्याच्या पेपरात सर्वांत जास्त मार्क याच उलटापालटीत जातात. विद्यार्थ्याला लॅटिन सूत्र पाठ असतं, अर्थही पाठ असतो, पण समोर प्रसंग आला की कोणतं सूत्र कुठे लावायचं ते सुचत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या कार्डात असतं. बाजारात मिळणाऱ्या गाइडमधून उतरवलेल्या कार्डावर पुढे सूत्र आणि मागे एका ओळीचा अर्थ एवढंच असतं. परीक्षक मात्र अर्थ क्वचितच विचारतो, तो प्रसंग देतो. म्हणून माझं म्हणणं असं, की कार्डाच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी हव्यात : साध्या मराठीत अर्थ, एका ओळीत वापर, आणि ते सूत्र कुठे थांबतं याची एक ओळ. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण परीक्षेतले प्रसंग मुद्दाम त्या सीमेवरच रचलेले असतात. जागा उरली तर केसचं नाव. शंभर सूत्रांचा गठ्ठा करण्यापेक्षा चार सूत्रं अशी नीट केली तर टीपांचे आणि प्रसंगांचे बरेच प्रश्न हातात येतात. ती चार आता घेऊ.

पहिली दोन जुळी आहेत आणि ती एकाच कार्डाच्या दोन बाजूंना लिहावीत, वेगवेगळ्या कार्डांवर नाहीत.

एक बाजू. इंजुरिया सिने डॅम्नो.
अर्थ : हक्क मोडला, नुकसान काही झालं नाही, तरी दावा चालतो.
वापर : शेजारी परवानगीशिवाय शेतातून गेला, पीक शाबूत राहिलं, तरी अतिक्रमणाचा दावा टिकतो.
सीमा : हक्क कायद्याने मान्य केलेला हवा, नुसती अपेक्षा चालत नाही.

दुसरी बाजू. डॅम्नम सिने इंजुरिया.
अर्थ : नुकसान झालं, हक्क मोडला नाही, म्हणून दावा चालत नाही.
वापर : समोर नवा वर्ग उघडल्याने जुन्या वर्गाची कमाई घटली, तरी भरपाई नाही.
सीमा : नुकसान करण्याची रीतच बेकायदा असेल, तर सूत्र लागू होत नाही.

इथे एक शब्द नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंजुरिया म्हणजे इजा नव्हे. इंजुरिया म्हणजे कायद्याने दिलेल्या हक्काचा भंग, आणि डॅम्नम म्हणजे पैशाचं, सोयीचं, तब्येतीचं प्रत्यक्ष नुकसान. इंग्रजी 'इंज्युरी' डोक्यात ठेवून वाचणारा विद्यार्थी दोन्ही सूत्रं उलटी लिहितो. उत्तरपत्रिकेत ही चूक पहिल्याच ओळीत दिसते आणि मग पुढचं सगळं वाया जातं.

पहिल्या बाजूची केस ॲशबी विरुद्ध व्हाइट, १७०३ सालची. इंग्लंडमधल्या आयल्सबरी गावात ॲशबी नावाचा मतदार मत द्यायला गेला आणि व्हाइट या अधिकाऱ्याने त्याचं मत घेतलं नाही. ॲशबीचा उमेदवार त्याच्या मताशिवायही निवडून आला, म्हणजे व्यवहारात त्याचं काहीच बिघडलं नाही. खालच्या न्यायालयात बहुमत त्याच्या विरुद्ध गेलं. सरन्यायाधीश होल्ट एकटे वेगळं म्हणाले : हक्क आहे तर तो मोडल्यावर उपायही हवा. पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सने ॲशबीच्या बाजूने निकाल दिला. उबी जस इबी रेमेडियम, म्हणजे जिथे हक्क तिथे उपाय, हे सूत्र याच केसबरोबर लक्षात ठेवायचं, त्याला वेगळं कार्ड लागत नाही.

आपल्याकडची केस म्हणून सगळी पुस्तकं भीम सिंग विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य ही देतात. १९८५ साली हे आमदार विधानसभेच्या अधिवेशनाला जात असताना पोलिसांनी त्यांना वाटेत अटक केली आणि वेळेत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं नाही. सुप्रीम कोर्टाने पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला लावली. ही केस जरूर लिहा, पण एक ओळ जोडा : हा दिवाणी दावा नव्हता, घटनेतल्या मूलभूत हक्कांसाठी केलेला रिट अर्ज होता. एवढ्या एका ओळीवरून परीक्षकाला कळतं, की विद्यार्थ्याला केसचं नाव माहीत आहेच, शिवाय ती कोणत्या मार्गाने आली तेही माहीत आहे.

आणि एक सावधगिरी. ॲशबीचा प्रसंग उचलून आजच्या भारतातल्या केंद्राधिकाऱ्यावर भरपाईचा दावा सांगू नका. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १३४ निवडणुकीच्या कामावरच्या अधिकाऱ्यांविरुद्ध, कर्तव्यात कसूर केल्याबद्दल, नुकसानभरपाईचे दावे बंद करतं. म्हणून वर कार्डावर मतदानाऐवजी शेताचं उदाहरण घेतलं आहे. जुन्या इंग्रजी केसमधला प्रसंग जसाच्या तसा मराठी गावात आणून ठेवला की असं होतं.

दुसऱ्या बाजूची केस तर त्याहून जुनी, १४१० सालची ग्लॉस्टर शाळेची. एका शिक्षकाने गावात दुसरी शाळा काढली. आधीच्या शाळेच्या मास्तरांना मुलामागे तिमाहीला चाळीस पेन्स मिळायचे, ते बारा पेन्सवर आले. नुकसान सरळ दिसत होतं, आकड्यात मोजता येत होतं. तरी दावा फेटाळला गेला, कारण गावात एकट्यानेच शिकवावं असा हक्क कोणालाच नव्हता. त्या प्रकरणात न्यायाधीश हँकफर्ड यांनी गिरणीचा दाखला दिला होता आणि सीमेची ओळ त्यातच सापडते. शेजाऱ्याने स्वतःची गिरणी काढली आणि माझं गिऱ्हाईक गेलं तर मला दावा नाही. पण त्याने माझ्या गिरणीकडे येणारं पाणी अडवलं तर मला दावा आहे. दोन्हीकडे नुकसान तेच, गिरणी ओस पडण्याचं. फरक आहे तो रीतीत. परीक्षेत नव्या वर्गाच्या मालकाने जुन्या वर्गाबद्दल खोट्या गोष्टी पसरवल्या किंवा पालकांना धमकावलं असं एखादं वाक्य प्रसंगात घुसवलेलं असेल, तर ते पाणी अडवणंच आहे असं समजा आणि उत्तर बदला.

जवळची केस हवी असेल तर गुजरात हायकोर्टाची उषाबेन विरुद्ध भाग्यलक्ष्मी चित्र मंदिर, १९७८. 'जय संतोषी माँ' या चित्रपटात लक्ष्मी, सरस्वती आणि पार्वती यांना मत्सरी दाखवलं आहे, त्याने भावना दुखावतात, म्हणून प्रदर्शन थांबवा असा तो दावा होता. भावना दुखावणं म्हणजे कायदेशीर हक्काचा भंग नव्हे, आणि ज्याला पाहायचं नाही त्याने पाहू नये, असं म्हणून दावा मान्य झाला नाही. मराठी वाचकाला हा चित्रपट ऐकून माहीत असतो, त्यामुळे ही केस विसरत नाही.

याच बाजूला विद्यार्थी विहिरीचं उदाहरण फार आवडीने लिहितात : मी माझ्या जमिनीत खोल बोअर घेतली, शेजाऱ्याची विहीर आटली, दावा नाही. १८९५ च्या ब्रॅडफर्ड विरुद्ध पिकल्स या इंग्रजी केसमध्ये असंच ठरलं होतं. पिकल्सचा हेतू वाईट असला तरी स्वतःच्या जमिनीखालचं झिरपतं पाणी वळवणं त्याचा हक्क होता. पण महाराष्ट्रात भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आल्यावर विहिरी आणि बोअर यांच्यावर कायद्याची बंधनं आली आहेत. तेव्हा हेतू वाईट असूनही दावा नाही एवढंच सांगायला पिकल्सचा उपयोग करा, महाराष्ट्रातल्या बोअरसाठी नको.

तिसरं सूत्र.

वोलेन्टी नॉन फिट इंजुरिया.
अर्थ : जो धोका स्वतःहून, समजून पत्करतो, त्याला त्या धोक्याबद्दल तक्रार करता येत नाही.
वापर : कबड्डीच्या सामन्यात नियमात बसणाऱ्या पकडीत चढाई करणाऱ्याचा खांदा निखळला, भरपाई नाही.
सीमा : धोका माहीत असणं म्हणजे धोका मान्य असणं नव्हे.

या कार्डाचं सगळं मोल सीमेच्या ओळीत आहे. स्मिथ विरुद्ध बेकर, १८९१, ही केस त्यासाठीच आहे. एक मजूर खडकात छिद्रं पाडायचं काम करत होता आणि मालकाची क्रेन त्याच्या डोक्यावरून दगड नेत होती. त्याला हे माहीत होतं, त्याने धोका बघितला होता आणि तरीही तो कामावर येत होता. एके दिवशी दगड पडला. मालकाचा बचाव असा, की त्याला ठाऊक होतं, म्हणजे त्याला मान्य होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो बचाव नाकारला. पोटासाठी कामावर येणाऱ्या माणसाचं गप्प राहणं ही संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. मला हा निकाल अपकृत्य कायद्यातल्या सर्वांत माणुसकीच्या निकालांपैकी एक वाटतो, आणि बांधकामावर, विहिरीच्या खोदकामावर, गटारात उतरणाऱ्या कामगारांच्या प्रसंगावर प्रश्न आला की पहिला तोच आठवायला हवा.

संमतीलाही माप असतं. कबड्डीत पकडीला संमती आहे, ठोशाला नाही. पंचांची शिट्टी वाजल्यावर रागाने मारलेली लाथ या सूत्रात बसत नाही. शिवाय दुसऱ्याला वाचवायला धावणारा माणूस या सूत्रातून सुटतो. हेन्स विरुद्ध हारवुड, १९३५ मध्ये बिथरलेल्या घोड्यांपुढे रस्त्यावरच्या लोकांना वाचवायला एक पोलीस धावला आणि जखमी झाला. 'तू स्वतःहून गेलास' असं सांगून त्याचा दावा टाळता आला नाही. गाडीत लिफ्ट घेणाऱ्यांसाठी कर्नाटक हायकोर्टाची पद्मावती विरुद्ध दुग्गनायका, १९७५ ही केस आहे. जीपमध्ये दोन अनोळखी माणसांनी लिफ्ट घेतली, पुढच्या चाकाचा बोल्ट अचानक निसटून जीप उलटली. ड्रायव्हर आणि मालक दोघेही सुटले, कारण एक तर तो निव्वळ अपघात होता आणि दुसरं म्हणजे लिफ्ट घेणारे स्वतःहून बसले होते. इथे दोन कारणं आहेत हे लिहायला विसरू नका. ड्रायव्हर दारू पिऊन चालवत असता तर निकाल असा सोपा गेला नसता.

चौथ्या सूत्राचं कार्ड मी सर्वांत सावकाश करायला सांगतो.

रेस इप्सा लॉक्विटर.
अर्थ : घटनाच हयगयीचा पुरावा देते, आता प्रतिवादीने खुलासा करावा.
वापर : ऑपरेशननंतर रुग्णाच्या पोटात टॉवेल सापडला, कोणी कसा ठेवला हे वादीने दाखवायची गरज नाही.
सीमा : घटनेचं खरं कारण उघड झालं असेल तर हे सूत्र लागत नाही. फौजदारीत नाही.

एरवी हयगय सिद्ध करायचं ओझं वादीवर असतं. प्रतिवादीने काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही, हे त्याने पुराव्याने दाखवायचं. पण काही घटनांत ते वादीला शक्यच नसतं, कारण तो बेशुद्ध पडलेला असतो, किंवा रस्त्यावरून नुसता चाललेला असतो. १८६३ च्या बर्न विरुद्ध बोडलमध्ये लिव्हरपूलच्या रस्त्यावरून जाणाऱ्याच्या अंगावर पिठाच्या व्यापाऱ्याच्या वखारीतून पिंप पडलं. वर काय झालं, हे तो कसं सांगणार? न्यायालय म्हणालं, सांभाळून ठेवलेली पिंपं खिडकीतून खाली पडत नाहीत. आपल्याकडे दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळून माणसं दगावली. नगरपालिकेच्या ताब्यातला तो मनोरा ऐंशी वर्षांचा झालेला होता आणि त्यात वापरलेल्या चुन्याचा विचार करता त्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचंच होतं. सुप्रीम कोर्टाने १९६६ साली सुभगवंती यांच्या केसमध्ये नगरपालिकेला जबाबदार धरलं.

पण हे सूत्र कसं काम करतं हे समजायला आपल्या औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची केस नीट वाचावी : अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, १९९६. जुलै १९६३ मध्ये सरकारी प्रसूती रुग्णालयात एका बाईंची प्रसूती झाली आणि १३ जुलैला त्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ही काही जिवाशी खेळ असलेली शस्त्रक्रिया नव्हे. पण त्यांना ताप चढला, पोट दुखायला लागलं, तब्येत खालावत गेली. १९ जुलैला दुसऱ्या सर्जननी पोट उघडलं तेव्हा आत पुसायचा टॉवेल राहिलेला सापडला आणि पू झालेला होता. २४ जुलैला त्या वारल्या. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते रद्द केले.

हायकोर्टापुढच्या अडचणी दोन होत्या आणि परीक्षेत त्या दोन्ही मांडाव्यात. एक, मृत्यू टॉवेलमुळे झाला की दुसऱ्या ऑपरेशनमुळे, हे नक्की सांगता येत नाही. दोन, सरकारी रुग्णालयातल्या चुकीला सरकार जबाबदार नाही. सुप्रीम कोर्टाने दोन्ही दूर केल्या. टॉवेल आत राहिला नसता तर दुसरं ऑपरेशनच करावं लागलं नसतं, म्हणजे साखळीची पहिली कडी टॉवेलच. आणि टॉवेल पोटात राहणं ही अशी घटना आहे, की काळजी घेतली तर ती होत नाही, म्हणून इथे घटनाच बोलते. नेमका कोणत्या हाताने तो आत ठेवला हे वादीला दाखवता आलं नाही म्हणून दावा पडत नाही. रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम नव्हे, तेव्हा नोकरांच्या हयगयीला सरकार मालक म्हणून जबाबदार. घटनेपासून निकालापर्यंत तेहतीस वर्षं गेली होती.

या एका केसमध्ये सूत्राच्या तिन्ही अटी सापडतात. जिच्यामुळे घात झाला ती गोष्ट प्रतिवादीच्या ताब्यात हवी, इथे ऑपरेशन थिएटर. एरवी हयगयीशिवाय असं होत नाही असं म्हणता यायला हवं. आणि प्रतिवादीकडून समाधानकारक खुलासा आलेला नसावा. उत्तर लिहिताना अटी आधी आणि केस नंतर असं करू नका. प्रत्येक अट लिहून लगेच केसमधला तो तपशील ठेवा, म्हणजे उत्तर घोकलेलं वाटत नाही. मालकाच्या जबाबदारीसाठी क्वी फासिट पर एलियम फासिट पर से, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेलं काम आपणच केलेलं, हे सूत्रही याच कार्डाच्या कडेला लिहून ठेवा, कारण टॉवेलच्या प्रसंगात परीक्षक 'भरपाई कोणाकडून' असंही विचारतो.

हे सूत्र सर्वांत जास्त चुकीच्या जागी लावलं जातं. ऑपरेशन केलं आणि रुग्ण वाचला नाही, एवढ्यावरून घटना बोलत नाही. उत्तम सर्जनच्या हातूनही रुग्ण दगावतो. टॉवेल, कात्री, चुकीच्या पायाचं ऑपरेशन अशा घटना वेगळ्या. प्रसंगात 'सुई आत राहिली' असं असेल तर सूत्र लावा, 'उपचारांना यश आलं नाही' एवढंच असेल तर वादीने नेहमीसारखी हयगय सिद्ध करावी असं लिहा. आणि जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे, की रेस इप्सा हा पुराव्याचा नियम आहे, त्याची जागा दिवाणी दाव्यात आहे, त्याच्या जोरावर डॉक्टरवरचा फौजदारी गुन्हा सिद्ध होत नाही.

कार्डं झाल्यावर ती उलटी पाठ करा. सूत्र वाचून अर्थ आठवण्याऐवजी दुसऱ्याला फक्त वापराची ओळ वाचायला सांगा आणि तुम्ही सूत्र आणि सीमा सांगा. पेपरात तुमच्यासमोर सूत्र येत नाही, प्रसंगच येतो. जुळ्या कार्डात अडखळलात तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : कोणता हक्क मोडला? त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर ती डॅम्नम सिने इंजुरियाची बाजू असण्याचीच शक्यता जास्त.

केसचं साल आठवलं नाही तर मोकळं सोडा, अंदाजाने लिहू नका. प्रसंगातले तपशील आणि निकालाचं कारण बरोबर असेल तर उत्तर उभं राहतं.